बांगड्याचं तोंड उजवीकडे

ऑक्टोबरात वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगडा उतरला की मी सकाळी लवकर जाते. मासेवाली ओळखीची आहे. माझ्या हातातली पिशवी बघून ती आधी विचारते, "खावक काय शाळेत?" शाळेत म्हटलं की निवड बदलते. खायचे असले तर ती कल्ले उघडून लाल आहेत का ते दाखवते. शाळेसाठी असले तर शेपूट फाटलेले, पोट फुटलेले बाजूला सारते आणि पर शाबूत असलेले सहा ताठ बांगडे वेगळे काढते. चित्रकलेच्या बाईला मासा कसा लागतो हे तिला आता माझ्याइतकंच कळतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मी फणसाची पानं नि जास्वंद यांच्यावर भागवते. पण वर्षातला माझा मुख्य धडा बांगड्याचाच.

गेल्या वर्षीचा वर्ग सातवीचा होता, मुलं 34. निम्म्याअधिक घरांत आठवड्यातून तीन-चार वेळा मासळी शिजते, काहींचे वडील रापणीला जातात. मासे पिशवीतच ठेवून मी सांगितलं, "आठवून बांगडा काढा. दहा मिनिटं." कुणालाही विचार करावा लागला नाही. बदामाच्या आकाराचं अंग, मागे त्रिकोणी शेपूट, अंगभर मंगळुरी कौलांसारखे खवले, गोल डोळा आणि ओठांवर हसू. दोघींनी पापण्याही काढल्या. 34 कागदांपैकी 31 वर माशाचं तोंड डावीकडे होतं. हा मासा कुठल्याच समुद्रात नाही, तो बालवाडीच्या भिंतीवर आणि अंकलिपीत असतो. कागदांवर तारीख घालून मी ते कपाटात ठेवले. हे कागद जपून ठेवायचे असतात, पुढे त्यांची गरज लागते.

मग बाकं सरकवून सहा घोळके केले, मधे केळीचं पान आणि पानावर एकेक बांगडा. मुलं चारी बाजूंनी बसली. आता समोर बघून काढायचं.

अर्ध्या तासाने फिरून पाहिलं तर खवले कमी झाले होते, हसूही गेलं होतं. पण एका घोळक्यात पाच मुलं पाच बाजूंना बसलेली असूनही पाचही कागदांवर मासा आडवा, पूर्ण लांबीचा, तोंड डावीकडे. मला हे एका नजरेत कळतं, कारण वर्ग बघून काढतोय की डोक्यातून, याची ही सोपी परीक्षा आहे. गोल बसलेल्या मुलांची चित्रं एकमेकांसारखी आली, तर मासा पानावर असला काय नि नसला काय.

शेपटीच्या टोकाला एक मुलगा बसला होता. रापणकराचा मुलगा, मासळीतलं सगळं कळणारा. त्याच्या जागेवरून दिसत होतं ते असं: सर्वांत जवळ शेपटीचा फाटा, त्यामागे अंगाचा फुगीर ढिगारा आणि पलीकडे डोक्याची जराशी कड. डोळा दिसत नव्हता. त्याने कागदावर डोळा काढला होता, तोही व्यवस्थित.

"तुला डोळा दिसतो?"

"नाय."

"मग काढलास कसा?"

"थंयसर आसा तो, बाई. माका ठावक आसा."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याचं खरंच होतं, डोळा तिथे होताच.

या "ठावक आसा" वर 1972 साली इंग्लंडमध्ये नॉर्मन फ्रीमन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत एक साधा प्रयोग केला होता. मुलांसमोर कप ठेवला, कान मागच्या बाजूला, म्हणजे मुलांना न दिसेल असा. समोरच्या बाजूला एक फूल रंगवलेलं. लहान मुलांनी कपाला कान काढला आणि समोर दिसणारं फूल बहुतेकांनी गाळलं. आठव्या वर्षाच्या आसपास हे पालटतं, कान जातो आणि फूल येतं. लहान मूल आपल्याला माहीत असलेला कप काढतं, कान नसेल तर तो कप कसला? त्यामुळे बालवाडीतल्या मुलापुढे बांगडा ठेवून "नीट बघ" म्हणणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो. त्या वयाचं बदामी मासोळीचं चित्र चुकीचं नसतं, ते त्या वयाचं असतं. ते सुधारायला जाऊ नये.

पण शेपटीकडचा हा मुलगा बारा वर्षांचा होता. त्याच्या डोळ्याला दिसत असलेलं हाताने का काढलं नाही? माझा अनुभव असा की नऊ-दहाच्या सुमाराला मुलांना आपलं चित्र 'खरं' दिसावंसं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हा आपण त्यांच्या हातात तयार चित्र देतो. कॅलेंडर, वहीचं मुखपृष्ठ, आता मोबाईल. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. समुद्रकाठचं मूलही तेच काढतं. आमच्या पूर्वेला सह्याद्री आहे तेव्हा सूर्य डोंगरातून उगवतो हे खरं, पण त्या डोंगरांचे माथे सपाट आहेत, आणि गावाभोवतीचे जांभ्याचे सडे तर ताटासारखे. टोकदार त्रिकोण कुठून आले, हे मी वर्गात विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

मी स्वतः चौकटी आखून वाढलेली. लहानपणी कॅलेंडरवरच्या देवीवर पेन्सिलीने अर्ध्या-अर्ध्या इंचाचे चौकोन आखायचे, कागदावर तेवढेच चौकोन, आणि चौकोनागणिक रेघ उतरवायची. देवी हुबेहूब यायची. शेजारपाजारचे बघायला यायचे, बक्षिसंही मिळाली. मग एकदा आईने अंगणात सुपात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचं चित्र काढ म्हणून सांगितलं आणि मला सुरुवातच करता येईना. सुपाची कड नेमकी कुठून धरायची? सोलं एकेक काढायची की ढीग म्हणून? सावली काळी की तांबडी? देवीच्या चित्रात हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. माझ्या वाट्याला फक्त अंतरं मोजणं आलं होतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की आपल्याला चित्र येत नाही. पुढे कळलं की ठरवणं म्हणून काही असतं, याचीच मला कल्पना नव्हती.

तर शेपटीकडचा मुलगा. त्याला मी जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा दिला, मधे भोक पाडलेला. भोकातून पेन्सिल घालायची, पुठ्ठा हातावर झाकणासारखा बसतो आणि कागद दिसत नाही. आता डोळा शेपटीच्या टोकावर ठेवायचा आणि माशाच्या कडेवरून मुंगी चालतेय असं समजून नजर सरकवायची. मुंगी जितकी चालेल तितकीच पेन्सिल चालेल. मुंगी थांबली की पेन्सिल थांबली. पाच मिनिटं. हे करताना वर्ग आपोआप गप्प होतो. निघालेलं चित्र वेडंवाकडं असतं, रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, मुलं हसतात. त्या चित्राला मी गुण देत नाही आणि भिंतीवरही लावत नाही. पण त्याच्या कागदावर पहिल्यांदाच डोळा नव्हता. रेघ फाट्याच्या एका टोकाकडून आत गेली होती, खाचेत थांबली होती आणि दुसऱ्या टोकाकडे बाहेर आली होती.

यानंतर मापं. हात कोपरात न वाकवता ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं. बाजूने बसलेल्या मुलांनी अंगाची सर्वांत जास्त उंची मोजली आणि ती तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किती वेळा बसते ते पाहिलं. बांगड्यात ती चार ते पाच वेळा बसते. आठवणीतल्या चित्रांत ती जेमतेम दोनदा बसत होती, म्हणजे सगळ्यांनी बांगड्याच्या नावाखाली पापलेटाच्या जवळपासचं काहीतरी काढलं होतं. शेपटीकडच्या मुलाने तेच माप घेतलं तर त्याची उंची लांबीत एकदाही धड बसेना. तो दोनदा उठून बाजूला जाऊन मासा बघून आला. मग म्हणाला, "हयसून बघलंय तर बांगडो आखूड होता, बाई." मी म्हटलं, आखूडच काढ.

बघायला वेळ दिला की मुलं मोजायला लागतात, आणि त्या मोजण्यात मीही दर वर्षी ओढली जाते. बांगड्याच्या पाठीवर दोन पर असतात, दोघांत मोकळी जागा. दुसऱ्या पराच्या मागे शेपटीपर्यंत बारीक बारीक पिसांसारखे तुकडे असतात, साधारण पाच, आणि तसेच खालच्या बाजूला पाच. रोज मासे साफ करणाऱ्या घरातल्या मुलींनाही हे नव्याने दिसलं, कारण घरी ते कात्रीने आधी उडवतात. एकीने छातीवरचा पर पेन्सिलीने उचलला आणि ओरडली, त्याच्या खालच्या कडेशी काळा ठिपका होता. पाठीवरच्या गडद रेघा ताज्या माशात सोनेरी झाक मारतात, तासाभरात ती झाक जाते. ज्यांनी सुरुवातीला रंगवलं त्यांची पाठ आणि उशिरा रंगवणाऱ्यांची पाठ वेगळी आली. दोन्ही बरोबर होत्या. खवले मात्र कुणालाच काढता येईनात, कारण बांगड्याचे खवले इतके बारीक की हाताला गुळगुळीतच लागतात. कौलं गेली.

सर्वांत जास्त वेळ पोटाने घेतला. पोट चंदेरी. पेटीत चंदेरी रंग नाही, मुलांनी काळ्यात पांढरा कालवून करडा केला आणि पोटाला फासला. मासा शिळा दिसायला लागला. मी म्हटलं, डोळे अर्धवट मिटा आणि सगळ्यांत उजळ जागा कुठली ते बोट दाखवून सांगा. बोटं पोटाच्या मधोमध एका अरुंद पट्टीवर गेली. त्या पट्टीच्या लगेच खाली केळीच्या पानाचा हिरवा पोटावर उमटला होता, आणि वर पाठीचा गडद निळा होता. म्हणजे चंदेरी हा रंगच नव्हता. कोऱ्या कागदाची पट्टी आणि तिला दोन्हीकडून टेकलेले गडद रंग, एवढ्यातून ते तयार होत होतं. नवीन कागद घेतला. आता काय रंगवायचं नाही, हे आधी ठरवावं लागलं. जलरंगात उजेड लावता येत नाही, तो राखावा लागतो. हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असतं तरी त्या पट्टीइतकं पोचलं नसतं.

तासाच्या शेवटी शेपटीकडच्या मुलाचा कागद पाहिला. पुढे मोठी शेपूट, तिच्या खाचेतून केळीच्या पानाचा हिरवा त्रिकोण दिसतोय, मागे आखडलेलं अंग, आणि अंग किंचित उजवीकडे वळलेलं. वर्गातल्या इतरांना तो मासा ओळखू येईना. मग एकेक जण त्याच्या जागेवर जाऊन बसला आणि बघून आला. तोंड दिसत नव्हतं, पण होतं ते उजवीकडे.

हे सगळं वाचून बाई जिंकल्या असं कुणाला वाटेल, म्हणून पुढच्या आठवड्याचंही सांगते. मी पापलेट ठेवलं. निम्म्या वर्गाने पापलेटाच्या शेपटीजवळ वर पाच आणि खाली पाच पिसं काढली. पापलेटाला ती नसतात. आठवड्यापूर्वी डोळ्यांनी शोधलेली गोष्ट आठ दिवसांत पाठांतर होऊन बसली होती, आणि पाठांतर करणाऱ्यात सर्वांत पुढे माझी हुशार मुलं होती. तेव्हापासून मी मुलांच्या कागदापेक्षा मानेकडे जास्त बघते. बघून काढणाऱ्या मुलाची मान दर चार-सहा सेकंदांनी वर-खाली होते. मिनिटभर मान खाली राहिली की समजावं, हा आता घरचा मासा काढतोय. रेघही सांगते. पाठ असलेली रेघ सुळकन एका दमात जाते, बघत काढलेली मधे थांबते, जरा खालीवर होते, परत निघते. खोडरबर मी देतच नाही. चुकलेल्या रेघेशेजारी दुसरी काढायची, दोन्ही राहू द्यायच्या.

पालकांना हे पटवणं कठीण जातं. एका स्पर्धेत मोबाईलवरून उतरवलेला गणपती पहिला आला आणि आमच्या शाळेतल्या मुलीने समोर बसून काढलेला आजीचा पानाचा डबा उत्तेजनार्थही आला नाही. परीक्षकांनी डबा वाकडा आहे असं सांगितलं. तो पोचे पडलेला डबा होता, वाकडाच होता. ग्रेड परीक्षांचंही तेच. एलिमेंटरीला वस्तुचित्राची प्रश्नपत्रिका आहे, समोर मांडणी ठेवतात, बघून काढायचं असतं. उत्तम योजना आहे. पण तयारी करून घेणारे भांडं, बाटली नि फळाची सावली कुठे टाकायची ते आधीच घोटून घेतात, कारण पुढे इंटरमिजिएटच्या श्रेणीचा दहावीच्या गुणांना उपयोग होतो. मीही काही वर्षं घोटून घेतलं आहे. निकाल छान लागायचे.

नक्कल करूच नये असं माझं म्हणणं नाही. मोठ्या चित्रकारांनी मोठ्या चित्रकारांच्या नकला केल्या आहेत. पण त्यांनी आधी हजार वेळा समोरचं बघून काढलेलं होतं, त्यामुळे नक्कल करताना ते त्या चित्रकाराने घेतलेले निर्णय तपासत होते. ज्याने स्वतः कधी निर्णय घेतलेलाच नाही, त्याला दुसऱ्याच्या चित्रात तो दिसत नाही. त्याला फक्त हुबेहूबपणा दिसतो. म्हणून प्रदर्शनात आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "अगदी फोटोसारखं!"

सावंतवाडी आमच्यापासून जवळ. सा. ल. हळदणकर तिथले, जन्म 1882चा. त्यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र 1945-46च्या सुमाराचं, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्याच्या छापील प्रती कोकणातल्या कितीतरी घरांत लागलेल्या असतात आणि खाली राजा रविवर्म्याचं नाव सांगितलं जातं. कोकणातल्या माणसाचं चित्र कोकणातच दुसऱ्याच्या नावावर, याचं मला वाईट वाटतं, आणि चित्र न बघता त्याचं कौतुक होतं याचं त्याहून जास्त. "दिवा अगदी खरा वाटतो," एवढं म्हणून लोक पुढे जातात.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात संध्याकाळी शाळेत वीज गेली होती. चित्रकलेच्या जादा तासाला आठ-दहा मुली थांबल्या होत्या. मी देवाजवळची पणती आणून लावली, एकीला तिच्यापुढे हात आडवा धरायला सांगितलं आणि बाकीच्यांना म्हटलं, काढा. कुणालाच जमलं नाही. ज्योत सगळ्यांनी पिवळीधमक काढली आणि हात तपकिरी, भोवती काळी रेघ. मी बोटांच्या फटी दाखवल्या. कडेची कातडी तांबूस उजळत होती, बोटाचा मधला भाग काळसर. मुलींनी पाहिलं, "हो बाई" म्हटलं, पण हातात उतरलं नाही. तास वाया गेला असं मी त्या रात्री धरलं.

त्यांतली एक आता बंगळूरला नोकरी करते. चित्र वगैरे काढत नाही. मागच्या डिसेंबरात ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मैसूरला गेली आणि तिथून तिने मला फोन केला. मैत्रिणी पुढच्या दालनात गेल्या होत्या, ही दिव्याच्या चित्रासमोर उभी होती.

"बाई, सगळे ज्योतीकडे बघतात. मी बोटं बघतेय. आपण सगळ्यांनी बोटांना काळी रेघ मारली होती, आठवतं? यांनी कुठेच मारलेली नाही. उजेड बोटांतच आहे. आणि चेहऱ्यावर तो खालून आलाय, हनुवटीखालून, आपण वरून काढला होता."

मी म्हटलं, अजून बघ.

"बघतेय. एक विचारू? बोटांतला तांबडा आधी लावला असेल की पिवळा?"

पिवळा आधी, असं मी सांगून टाकलं. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे जायचं, हे मी शिकवत आलेय. फोन ठेवल्यावर मात्र नीट आठवेना. रात्री जेवणं झाल्यावर पणती लावली, घरातले दिवे घालवले आणि हात आडवा धरला. यजमान दारात येऊन म्हणाले, "वीज गेली काय?" मी म्हटलं, नाही, जरा थांबा. करंगळीच्या कडेला तांबडा होता, तर्जनीच्या कडेला नारिंगी, आणि पिवळा मला बोटांवर कुठे दिसेना. सकाळी उठून तिला तसं कळवलं.